धुकं की धूर? सांगलीच्या नदीकाठी धूलिकण-मापक बांधताना आणि जुळवताना

डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्या गावभागातल्या गच्चीवरच्या डब्यानं पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा २८० दाखवला. कृष्णेवरून धुकं इतकं दाट चढलं होतं की आयर्विन पुलाच्या कमानीही दिसत नव्हत्या. मी तो आकडा गल्लीच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या काकूंना दमा आहे, त्यांनी त्या दिवसापासून घाटावरचं फिरणं बंद केलं. दहाच्या सुमारास ऊन पडलं, धुकं विरलं आणि आकडा ५५ वर आला. वारा नव्हता, पाऊस नव्हता. मग एवढी धूळ तीन तासांत गेली कुठं?

ती धूळ नव्हतीच. त्यातला बराचसा भाग पाणी होतं. पण पुढच्याच आठवड्यात तशाच वेळी पुन्हा २८० दिसला, आणि त्या दिवशी सांगलीवाडीच्या बाजूला तोडलेल्या फडातलं पाचट पेटवलेलं होतं. घरात वास येत होता. तो आकडा खरोखर काळजीचा होता. दोन्ही दिवशी पडद्यावर अंक एकच, अर्थ मात्र वेगळा. हा फरक आपल्या यंत्राला कसा करायला लावायचा, त्याची सगळी कृती इथं देतो.

सेन्सर नक्की काय बघतो

स्वस्त धूलिकण-सेन्सरच्या आत एक छोटा पंखा, एक लेसर आणि त्याच्या आडव्या दिशेला एक प्रकाश टिपणारा डायोड असतो. पंखा हवा ओढतो, कण लेसरच्या झोतातून जातो, प्रकाश विखुरतो आणि त्याचा थोडा भाग डायोडवर पडतो. कवडशात धूळ चमकताना दिसते, तेच हे. सेन्सर काही वजन करत नाही. चमक किती त्यावरून कणाचा आकार अंदाजतो, आकारावरून वजन अंदाजतो, आणि त्यासाठी सगळे कण एका ठरावीक प्रकारचे आहेत असं कारखान्यातच धरून चाललेलं असतं.

सरकारी मापन याच्या उलट आहे. तिथं हवा गाळणीतून ओढून गाळणीवर साचलेलं वजन मोजतात. बीटा किरणांचं यंत्र गाळणीच्या पट्टीतून किरण किती अडले त्यावरून वजन काढतं, आणि त्याच्या नळीला तापक असतो, जेणेकरून गाळणीपर्यंत पोचणारी हवा कोरडी राहावी. आपल्या राष्ट्रीय मानकात पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, ती अशा कोरड्या वजनाची आहे.

हवेतल्या कणांत सल्फेट, नायट्रेट, क्षार असे पाणी शोषणारे पदार्थ असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत गोळे होतात, त्याचंच हे सूक्ष्म रूप. आर्द्रता वाढली की कण फुगतो, मोठा होतो, जास्त चमकतो, आणि सेन्सरला वाटतं धूळ वाढली. आर्द्रता १०० च्या जवळ गेली की धुक्याचे थेंबच तयार होतात, आणि तेही लेसरला कणच दिसतात.

कोणते भाग घ्यावेत

मी पीएमएस ५००३ हा सेन्सर वापरतो. बिनपंख्याचा, एका एलईडीवर चालणारा जुना स्वस्त सेन्सर मिळतो. तो घेऊ नये. त्यात हवा आपोआप चढेल तेवढीच जाते, आणि कमी धुळीत त्याचं वाचन सतत डगमगतं. सोबत ईएसपी ३२ बोर्ड, आर्द्रतेसाठी एसएचटी ३१, मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर आणि मेमरी कार्डाचं मॉड्यूल. आर्द्रतेच्या सेन्सरवर पैसे वाचवू नका. पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

जोडणीत एकच गोष्ट नीट लक्षात ठेवायची. पीएमएस ५००३ ला वीज ५ व्होल्टची लागते, कारण पंखा त्यावर फिरतो. पण त्याच्या संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या आहेत. ईएसपी ३२ ही ३.३ व्होल्टवरच बोलतो, त्यामुळे सेन्सरची टीएक्स तार थेट १६ नंबरच्या पिनला जोडता येते. ५ व्होल्टवर बोलणारा बोर्ड असेल तर मध्ये लेव्हल कन्व्हर्टर हवा. एसएचटी ३१ ला ३.३ व्होल्ट द्या, एसडीए २१ वर आणि एससीएल २२ वर.

सेन्सर दर सेकंदाच्या आसपास ३२ बाइटचा एक संच पाठवतो. सुरुवात नेहमी `0x42 0x4D` अशी असते आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे आधीच्या ३० बाइटची बेरीज. ती बेरीज जुळल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही. तार सैल असली की कधीकधी हजारोंच्या घरातले आकडे येतात, ते इथंच अडतात.

```cpp
// setup(): Serial2.begin(9600, SERIAL_8N1, 16, 17);
bool readFrame(uint8_t *b) {
  if (Serial2.available() < 32) return false;
  if (Serial2.read() != 0x42) return false;
  if (Serial2.read() != 0x4D) return false;
  b[0] = 0x42; b[1] = 0x4D;
  if (Serial2.readBytes(b + 2, 30) != 30) return false;
  uint16_t sum = 0;
  for (int i = 0; i < 30; i++) sum += b[i];
  return sum == ((b[30] << 8) | b[31]);
}
// pm25 = (b[6] << 8) | b[7];
```

या संचात पीएम २.५ दोनदा येतो. शून्यापासून मोजलं तर सहाव्या-सातव्या बाइटात `CF=1` नावाचा आणि बाराव्या-तेराव्यात `atmospheric` नावाचा. नाव वाचून दुसराच घ्यावासा वाटतो, पण आपल्या कामाला पहिला बरा. कमी धुळीत दोन्ही सारखेच असतात. पुढं दुसऱ्यात कारखान्यानं स्वतःची एक घट घातलेली आहे, त्यामुळे त्याचा आलेख मध्येच वाकतो. सरळ रेषेनं जुळवायचं असेल तर आधीच वाकवलेला आकडा कशाला घ्या?

मिठाच्या बरणीत आर्द्रतेची परीक्षा

डबा बंद करण्याआधी एसएचटी ३१ खरं बोलतोय का ते तपासा. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. तळाला एका वाटीत तीन-चार चमचे साधं मीठ घ्या आणि त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. सेन्सर बरणीत अधांतरी लटकवा, मिठाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बारीक तारा झाकणातून बाहेर काढा आणि ती फट मेणानं किंवा टेपनं बंद करा. बरणी उन्हापासून आणि पंख्यापासून दूर, खोलीतल्या एका कोपऱ्यात रात्रभर ठेवा.

मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. सकाळी वाचन ७३ ते ७७ मध्ये असेल तर सेन्सर ठीक. माझ्या एका सेन्सरनं सलग दोन दिवस ८१ दाखवलं, तो मी बदलला. दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर तेवढा कायम वजा किंवा अधिक करा. वाचन तासागणिक सरकतच असेल तर बहुधा बरणीत कुठंतरी फट आहे.

डबा आणि जागा

विजेच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स पुरतो. पीएमएस ५००३ मध्ये हवा आत घेणारी आणि बाहेर टाकणारी भोकं जवळजवळ असतात. मध्ये फोमची एक पट्टी चिकटवून दोघांच्या वाटा वेगळ्या करा. नाहीतर सेन्सर स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा ओढत बसतो आणि बाहेरचा बदल उशिरा दाखवतो. तोंड खाली जमिनीकडं, वर पावसासाठी छज्जा, आणि भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा एक पदर. जाळी हवीच. एका पावसाळ्यात माझ्या सेन्सरमध्ये बारीक कोळ्यानं जाळं केलं आणि भर पावसात, जेव्हा हवा सर्वांत स्वच्छ, तेव्हा आकडा तासन्‌तास चढलेला राहिला.

एसएचटी ३१ डब्याच्या आत ठेवू नका. ईएसपी ३२ आणि लेसर दोघंही तापतात, आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी गरम होते आणि आर्द्रता खोटी कमी दिसते. डब्याच्या खाली, सावलीत, हवा आत जाते त्या तोंडाशेजारी तो लटकता ठेवा. इतर ठिकाणी छापलेली तयार सूत्रं आपल्याला थेट चालत नाहीत, त्याचं हेही एक कारण आहे. अमेरिकेत याच जातीच्या सेन्सरसाठी केलेलं एक प्रसिद्ध सूत्र आहे, पण त्यातली आर्द्रता डब्याच्या आतली आहे आणि धूळ तिकडची आहे. जागा बदलली की सूत्राचे आकडे बदलतात. एकदा जागा ठरवली की जुळवताना आणि नंतर वापरताना तीच ठेवा.

गच्चीवर डबा स्वयंपाकघराच्या धुराड्यापासून, बंबापासून आणि देवघराच्या खिडकीपासून लांब हवा. दुपारी तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका. ती भिंत संध्याकाळी सातपर्यंत गरम असते आणि आर्द्रता खोटी दाखवते.

संदर्भ यंत्राशेजारी तीन आठवडे

उदबत्ती पेटवून, आकडा चढला म्हणजे कॅलिब्रेशन झालं, असं बरेच जण समजतात. त्यातून फक्त सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं. खरं जुळवणं म्हणजे वजनावर चालणाऱ्या यंत्राशेजारी आपला डबा ठेवून दोघांना एकाच हवेत राहू देणं.

असं यंत्र महाविद्यालयाच्या पर्यावरण विभागाकडं किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रावर असतं. आधी विचारा की ते तासागणिक आकडे देणारं आहे का. हातानं गाळणी बदलायची जी केंद्रं असतात तिथं राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आठवड्यातून दोन दिवस, २४ तासांचं मापन होतं. त्यातून २४ तासांची सरासरी तपासता येते, पण पहाटेचं धुकं आणि दुपारचं ऊन त्या एकाच आकड्यात मिसळून जातात. आर्द्रतेची दुरुस्ती काढायला तासागणिक आकडेच लागतात.

मला एका महाविद्यालयाच्या गच्चीवर जागा मिळाली. तिथल्या सरांनी एकच अट घातली: "डबा नळीच्या तोंडापासून दोन हात लांब ठेवा, पण उंची तीच ठेवा. आणि रोज येऊन हलवू नका." दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. फार जवळ ठेवला तर एकमेकांच्या हवेत लुडबुड होते, फार लांब ठेवला तर हवाच वेगळी. शक्य असेल तर दोन सारखे डबे ठेवा. दोघं एकमेकांशी जुळत नसतील तर चूक सेन्सरात आहे हे संदर्भ न बघताच कळतं.

काळ निवडताना थंडीचे दिवस घ्या. गळीत हंगाम चालू असतो, गुऱ्हाळांची चुलाणं पेटलेली असतात, पहाटे दमट आणि दुपारी कोरडं असतं. म्हणजे धूळ कमी-जास्त आणि आर्द्रताही कमी-जास्त, सगळे जोड तीन आठवड्यांत मिळतात. सेन्सर या काळात सतत चालू ठेवा. एरवी आयुष्य वाढवायला तो पाच मिनिटांतून एकदा जागा केला तरी चालतो, फक्त जागा झाल्यावर पहिली ३० सेकंदं सोडून द्यायची.

आता वेळ. इथं माझा पूर्ण एक आठवडा गेला. बोर्ड इंटरनेटवरून घड्याळ लावतो ते जागतिक वेळेत, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढं आहे. मी जागतिक वेळेनं तासाच्या सरासऱ्या काढल्या आणि नंतर साडेपाच तास मिळवले. झालं काय, माझे तास साडेसहा ते साडेसात आणि संदर्भाचे सहा ते सात. पहाटेच्या वेळी अर्ध्या तासात चित्र पालटतं, त्यामुळे सगळे बिंदू विस्कटले. आधी प्रत्येक नोंद भारतीय वेळेत आणा आणि मगच सरासरी काढा. संदर्भ यंत्र ७ असं लिहितं तेव्हा ते सहा ते सात की सात ते आठ, हेही विचारून घ्या. शंका राहिली तर आपली यादी एक तास मागं-पुढं सरकवून बघा. ज्या जागी दोन्ही आलेखांची शिखरं एकावर एक बसतात ती बरोबर.

एकाच रेषेत दोन उत्तरं

कण किती फुगतो हे आर्द्रतेवर सरळ अवलंबून नसतं. ५० वरून ६० ला गेल्यानं फारसं काही होत नाही, ९० वरून ९५ ला गेल्यानं खूप होतं. हे वागणं एका साध्या भागाकारात पकडता येतं: आर्द्रता भागिले शंभर उणे आर्द्रता. त्याला `x` म्हणू. ५० टक्क्यांना `x` एक येतो, ८० ला चार, ९० ला नऊ आणि ९५ ला एकोणीस.

आता प्रत्येक तासासाठी आपल्या सेन्सरचा आकडा संदर्भाच्या आकड्यानं भागा. हे गुणोत्तर उभ्या अक्षावर आणि `x` आडव्या अक्षावर मांडा. बिंदू साधारण एका सरळ रेषेवर येतात. रेषा उभ्या अक्षाला जिथं कापते तो आकडा सांगतो की अगदी कोरड्या हवेतही सेन्सर किती पट दाखवतो, आणि रेषेचा चढ सांगतो की दमटपणानं त्यात किती भर पडते. स्प्रेडशीटमध्ये दोन सूत्रांत काम होतं:

```
x     = RH / (100 - RH)
y     = raw / ref
A     = INTERCEPT(y, x)
B     = SLOPE(y, x)
pm25  = raw / (A + B * x)
```

मांडण्याआधी दोन प्रकारचे तास बाजूला काढा. संदर्भ २० पेक्षा कमी आहे ते तास, कारण बीटा यंत्राचा तासाचा आकडाच काही मायक्रोग्रॅमनं हलतो, आणि छोट्या आकड्यानं भागलं की गुणोत्तर भरकटतं. आणि आर्द्रता ९२ च्या वर आहे ते तास. त्याचं कारण पुढं येतंच.

हिशोब समजायला गोल आकडे घेऊ. समजा रेषेतून `A` आला १.३ आणि `B` आला ०.२५. दुपारी आर्द्रता ४२, सेन्सर ५२ दाखवतोय. `x` येतो ०.७२, भाजक १.४८, आणि दुरुस्त आकडा ३५. पहाटे आर्द्रता ८८, सेन्सर १६० दाखवतोय. `x` ७.३३, भाजक ३.१३, उत्तर ५१. पडद्यावर तिपटीचा फरक दिसत होता, प्रत्यक्षात फरक दीडपटीच्या आसपास आहे.

रेषा सगळ्या २१ दिवसांवर बसवू नका. पहिल्या १४ दिवसांवर बसवा आणि उरलेल्या ७ दिवसांचे आकडे त्या सूत्रानं काढून संदर्भाशी ताडून बघा. ज्या दिवसांवर रेषा बसवली त्यांच्याशी ती जुळणारच, त्यातून काही सिद्ध होत नाही. परीक्षेच्या आठवड्यात पहाटेचे आणि दुपारचे फरक वेगवेगळे काढा. पहाटे सतत जास्त आणि दुपारी सतत कमी येत असेल तर `B` कमी पडतोय, किंवा आर्द्रतेचा सेन्सर चुकतोय.

९२ च्या वर गप्प बसायचं

आर्द्रतेचा चांगला सेन्सरही दोनेक टक्के इकडं-तिकडं असतो. ८० ला याचा त्रास नाही. धुळीचा सेन्सर १०० दाखवत असेल तर खरी आर्द्रता ७८ धरून ४६ येतो आणि ८२ धरून ४१. पण ९५ ला बघा. सेन्सर ३०० दाखवतोय. खरी आर्द्रता ९३ असेल तर दुरुस्त आकडा ६५, आणि ९७ असेल तर ३२. एक आकडा मर्यादेच्या वर, दुसरा निम्म्यावर, आणि कोणता खरा हे सांगायला आपल्याकडं काहीच नाही. शिवाय ९८-९९ ला धुक्याचे थेंब आलेले असतात, तिथं फुगण्याचं हे गणितच लागू नाही.

म्हणून माझा डबा ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत आकडा दाखवतो, ८५ ते ९२ मध्ये आकड्यापुढं ‘अंदाज’ असं लिहितो, आणि ९२ च्या वर फक्त ‘धुकं, वाचन नाही’. चुकीचा आकडा बघून कुणी घरात बसावं किंवा कुणी बिनधास्त बाहेर पडावं, यापेक्षा हे बरं. कच्चा आकडा आणि आर्द्रता मात्र कार्डावर कायम लिहून ठेवतो. सूत्र उद्या सुधारलं तर जुन्या नोंदी पुन्हा मोजता येतात. फक्त दुरुस्त आकडा ठेवला असता तर त्या वाया गेल्या असत्या.

सुरुवातीच्या त्या दोन पहाटे आता याच नजरेनं बघा. पहिल्या दिवशी २८० होता तेव्हा आर्द्रता ९८ होती, म्हणजे वाचनच नाही. दहा वाजता ५५ आणि आर्द्रता ६२; भाजक १.७१, उत्तर ३२. रात्रभराची हवा साधारण ठीक होती. पाचटाच्या दिवशी २८० होता तेव्हा आर्द्रता ८४. `x` ५.२५, भाजक २.६१, उत्तर १०७. आणि दहा वाजता आर्द्रता ६० वर आली तरी सेन्सर १५० वरच, म्हणजे दुरुस्त ९०. धुकं असतं तर उन्हाबरोबर कच्चा आकडा कोसळला असता. धुराचा आकडा आर्द्रतेबरोबर थोडाच उतरतो. उन्हानंतरच्या दोन तासांत दुरुस्त आकडा किती टिकतो ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते.

एक मर्यादा सांगायला हवी. ताजा धूर, मग तो पाचटाचा असो की चुलाणात जळणाऱ्या चिपाडाचा, जुन्या मुरलेल्या धुळीपेक्षा सहसा कमी पाणी शोषतो. आपली रेषा मात्र सगळ्या प्रकारच्या तासांची सरासरी आहे. त्यामुळे दमट पहाटे ताजा धूर असेल तर ती गरजेपेक्षा जास्त वजा करते, आणि १०७ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त. दमेकऱ्यांना सांगताना मी तो ‘निदान एवढा तरी’ असाच सांगतो.

हवा आत घेण्याआधी किंचित गरम करणं हा दुसरा उपाय आहे. १८ अंशाची ९५ टक्के दमट हवा २६ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ५८ च्या आसपास येते. पितळी नळीवर रोधक गुंडाळून मी करून पाहिलं. पण सेन्सरचा पंखा दुबळा आहे, नळी जरा लांब झाली की हवा कमी पडते. आणि धुरातले काही पदार्थ उष्णतेनं उडून जातात. तापक लावला तर तो लावलेल्या अवस्थेतच पुन्हा तीन आठवडे संदर्भाशेजारी ठेवावं लागतं. घरच्या कामाला गप्प बसण्याचा उपाय पुरतो.

पीएम १० बद्दल, आणि नंतरची देखभाल

हा सेन्सर पीएम १० चाही आकडा देतो. तो वापरू नका. मोठे कण वाकड्या वाटेनं लेसरपर्यंत नीट पोचतच नाहीत, आणि सेन्सर बारीक कणांवरून मोठ्यांचा अंदाज बांधतो. एकदा हळदीच्या पेठेत पोती ओतत होते तिथं डबा नेला. शर्टाची बाही पिवळी झाली, डोळे चुरचुरले, आणि पीएम १० जेमतेम हलला. कुपवाडच्या रस्त्यावरच्या मातीचंही तेच. अशा ठिकाणी गाळणीवर वजन करणारं यंत्रच हवं.

पावसाळ्यात आर्द्रता दिवसदिवस ९० च्या वर असते. तेव्हा माझा डबा बहुतेक वेळ गप्प असतो आणि मी तो खाली उतरवून साफ करतो. जाळी ब्रशनं झाडतो आणि मिठाच्या बरणीची परीक्षा पुन्हा घेतो. सेन्सर उघडायचा नाही. आतल्या भागाला बोट लागलं तर तो कामातून गेला. शून्याची परीक्षा सोपी आहे: बंद खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र तासभर चालवून डबा त्याच्या तोंडापुढं ठेवा. आकडा ० किंवा १ यायला हवा. ५-६ वर अडकला तर आत धूळ साचली आहे.

दसऱ्यानंतर, पहिला फड तुटायच्या आधी, डबा पुन्हा आठवडाभर संदर्भाशेजारी नेतो. `A` जर १.३ वरून १.१ वर आला असेल तर लेसर मंदावलाय किंवा पंखा कमी ओढतोय. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा बदल नव्या आकड्यानं भरून काढतो, त्याहून जास्त असेल तर सेन्सर बदलतो. नवा सेन्सर घातला की जुने `A` आणि `B` त्याला लावायचे नाहीत. त्याचे स्वतःचे तीन आठवडे त्याला द्यावे लागतात.